पस्तीस टक्क्यांचं गिऱ्हाईक

मंडईत गेलात तर एक गंमत बघा. कोथिंबीर विकणाऱ्या मावशींकडे सकाळपासून दुपारपर्यंत दीडशे माणसं येऊन जातात. त्यातलं एखादं रुसून शेजारच्या गाळ्यावर गेलं, तर मावशींच्या कपाळावर आठीसुद्धा पडत नाही. आणि त्याच मंडईच्या मागे, शुक्रवार पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर माझा मामा बसतो. त्याचा फोन वाजला आणि स्क्रीनवर एक विशिष्ट नाव दिसलं, की तोंडातला घास तसाच ठेवून तो उठतो. मावशी रस्त्यावर बसतात, मामा कारखानदार आहे. मग जास्त सुरक्षित कोण? या लेखाचा विषय खरं तर एवढाच आहे.

मामा पुठ्ठ्याची खोकी बनवतो. मिठाईची पाव किलो, अर्धा किलो, एक किलोची, केकची, साड्यांची. ड्युप्लेक्स बोर्डाचे ताव येतात, छपाई बाहेरून करून घ्यायची, मग डाय लावून पंचिंग मशीनवर कापायचं, घड्या पाडायच्या आणि चिकटवायचं. पाच कामगार, दोन मशीन्स. गणपतीच्या आधी मोदकांची आणि दिवाळीच्या आधी सगळ्याचीच इतकी घाई, की वाड्याच्या जिन्यातसुद्धा खोक्यांच्या थप्प्या लागतात.

यंदा मामाच्या डोक्यात ऑटोमॅटिक पंचिंग मशीन घ्यायचं आलं. किंमत १५ लाख. कारण त्याच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने सांगितलं, "मशीन घ्या, आमचं काम दुप्पट देतो." मामा बँकेत गेला. तिथल्या साहेबांनी बाकी कागदांबरोबर आणखी एक कागद मागितला : मोठ्या पाच गिऱ्हाइकांची नावं आणि एकूण विक्रीत प्रत्येकाचा वाटा किती टक्के. इंग्रजीत त्याला कस्टमर कॉन्सन्ट्रेशन रिपोर्ट म्हणतात. मामा घरी येऊन म्हणाला, "अगं, तू इंजिनिअर ना? मग कर हे." मी थर्ड इयर मेकॅनिकलला आहे, आणि आमच्या सिलॅबसमध्ये खोकी नाहीत. पण मामाला नाही कसं म्हणणार?

पहिली अडचण भाषेची आली. मी कॉन्व्हेंटची. मामा आकडे बोलतो ते "पावणेतीन लाख", "एकोणसत्तर", "साडेसत्तावीस" असे. एकोणसत्तर म्हणजे ६९ की ७९, हे मला दर वेळी बोटांवर ठरवावं लागतं. शेवटी त्याने कंटाळून टॅलीमधली वर्षाची विक्रीची यादीच एक्सेलमध्ये काढून दिली. ती तरी सगळ्या बोर्डांच्या मुलांना सारखीच दिसते!

यादीत वर्षभरातली सगळी बिलं होती. बिलाच्या रकमेत जीएसटी असतो, आणि तो मामाचा नव्हे, सरकारचा पैसा. म्हणून आधी तो वजा केला आणि परत आलेला माल वजा केला. मग प्रत्येक गिऱ्हाइकाची बेरीज करायला एकच ओळ पुरली :

```
=SUMIF(B:B,F2,C:C)
```

बी कॉलममध्ये गिऱ्हाइकाचं नाव, सी मध्ये रक्कम, आणि एफ मध्ये नावांची यादी. मोठ्यापासून लहानाकडे लावल्यावर चित्र असं दिसलं. एकूण विक्री ८० लाख, गिऱ्हाइकं ४३. पहिला मिठाईवाला २२ टक्के, दुसरा बेकरीवाला १५, तिसरं साड्यांचं दुकान ९, चौथा आणखी एक मिठाईवाला ८, पाचवा ६. पाच जणांचे मिळून ६० टक्के. मामा खूष झाला. "बघ, सगळ्यात मोठासुद्धा बावीसच आहे. पावाच्या आत."

इथेच थांबलो असतो तर रिपोर्ट दहा मिनिटांत झाला असता. पण यादी चाळताना मी सहज विचारलं, "मामा, हा पहिला, हा चौथा आणि हा सहावा, तिघांचीही खोकी एकाच डायवर कशी?" मामा म्हणाला, "अगं ते तिघे भाऊच आहेत. जीएसटी नंबर वेगवेगळे, दुकानं तीन. पण ऑर्डर थोरलाच देतो, भावही तोच ठरवतो."

म्हणजे बिलांवर तीन नावं, पण निर्णय घेणारा माणूस एक. तो रागावला तर तिन्ही दुकानं एकाच दिवशी जाणार. मग त्यांना तीन का मोजायचं? मोठ्या कंपन्यांसाठी जो हिशेबाचा नियम आहे, इंड एएस १०८, तो हेच सांगतो. एका गिऱ्हाइकाकडून १० टक्के किंवा जास्त उत्पन्न येत असेल तर कंपनीने ते ताळेबंदाच्या टिपांमध्ये जाहीर करायचं (नाव नाही दिलं तरी चालतं), आणि एकाच मालकीखालच्या, एकाच ताब्यातल्या संस्थांना एकच गिऱ्हाईक धरायचं. मामाला हा नियम लागू नाही, त्याचा व्याप फार लहान. पण त्यातलं शहाणपण घ्यायला कोण अडवतंय?

सहाव्याचे ५ टक्के होते. २२ आणि ८ आणि ५ मिळून ३५. एका फोनवर मामाचा ३५ टक्के धंदा, म्हणजे २८ लाख. आता गिऱ्हाइकं ४१ झाली आणि पहिल्या पाचांचा वाटा ६० वरून ६९ टक्क्यांवर गेला. (हो, एकोणसत्तर. आता हा आकडा मी जन्मात विसरणार नाही.)

आपल्यासारख्यांसाठी यात एक छान आकडाही निघतो. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या टक्क्यांचा वर्ग करायचा आणि सगळ्यांची बेरीज. हर्फिन्डाल आणि हर्शमन या दोन अर्थतज्ज्ञांच्या नावाने हा निर्देशांक ओळखला जातो. वर्ग केल्यामुळे मोठ्यांचं वजन वाढतं आणि चिल्लर गिऱ्हाइकं जवळजवळ नाहीशी होतात. १०,००० ला त्या बेरजेने भागलं, की समान आकाराची किती गिऱ्हाइकं असती तर इतकीच जोखीम झाली असती ते कळतं. भाऊ वेगळे धरले तेव्हा बेरीज सुमारे ९६० होती, म्हणजे साधारण दहा गिऱ्हाइकं. भाऊ एकत्र केल्यावर सुमारे १,६०० झाली, म्हणजे सहा. वहीत ४३ नावं, पण प्रत्यक्षात मामा सहा माणसांवर जगतोय. हे ऐकून त्याने चहाचा कप खाली ठेवला.

पण विक्री म्हणजे कमाई नव्हे. मिठाईवाले मोठी ऑर्डर देतात म्हणून भाव पाडून घेतात. म्हणून पुढची पायरी अशी, की प्रत्येकाच्या विक्रीतून त्याच्यासाठी लागलेला बोर्ड, छपाई आणि गम वजा करायचा. उरतं ते त्या गिऱ्हाइकाचं योगदान. त्यातून पगार, भाडं, वीज, व्याज आणि मामाच्या घरखर्चाची उचल भागायची. मिठाईवाल्या भावांच्या २८ लाखांतून उरतात ५.६ लाख, म्हणजे रुपयाला २० पैसे. बेकरीच्या १२ लाखांतून ३.६ लाख, रुपयाला ३० पैसे. बाकीच्या लहान-मोठ्यांच्या ४० लाखांतून १३.८ लाख, रुपयाला साडेचौतीस पैसे. एकूण २३ लाख.

म्हणजे विक्रीत ३५ टक्के असलेला माणूस योगदानात २४ टक्केच आहे. मामाला परत बरं वाटलं. पण मला अजून एक वजाबाकी करायची होती. वर्षाचा ठरलेला खर्च १९ लाख. २३ मधून १९ गेले, नफा ४ लाख. आता समजा भाऊ गेले, तर योगदानातले ५.६ लाख जातील आणि खर्च मात्र तेवढाच राहील. भाडं घरमालक कमी करणार नाही, आणि पाच कामगारांपैकी सव्वा कामगार काही काढता येत नाही. ४ लाखांचा नफा जाऊन १.६ लाखाचा तोटा होईल. बेकरी गेली तर नफा ४० हजारांवर येईल, पण दुकान चालू राहील.

मला वाटतं, या सगळ्या रिपोर्टमधला खरा प्रश्न हाच आहे. ३५ टक्के जास्त की कमी, यावर वाद घालत बसता येतं. ज्या गिऱ्हाइकाचं योगदान आपल्या वर्षाच्या नफ्यापेक्षा मोठं आहे, तो एकटा आपल्याला तोट्यात घालू शकतो, यावर मात्र वाद नाही. मामाकडे असा माणूस एकच निघाला. तोच, ज्याच्या फोनला घास खाली राहतो!

आता उधारी. ३१ मार्चला लोकांकडून येणं होतं १४ लाख (जीएसटी सोडून), त्यातले ८.४ लाख एकट्या भावांकडून. विक्रीत ३५ टक्के आणि उधारीत ६० टक्के! ८.४ ला २८ ने भागून ३६५ ने गुणलं की दिवस निघतात : ११०. बाकी सगळ्यांचे मिळून ३९ दिवस. बोर्डवाल्याला मात्र मामा ३० दिवसांत पैसे देतो, नाहीतर पुढची गाडी येत नाही. मधले ऐंशी दिवस भावांचा माल मामाच्या पैशावर चालतो. सोप्या भाषेत, मामा त्यांची बँक आहे, तीही बिनव्याजी.

मी उत्साहाने म्हटलं, "मामा, कायदा आहे की!" आणि खरंच आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे, लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही अशी तरतूद आली, की अशा उद्योगाला मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च दाखवून करसवलत मिळत नाही.

मामाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तक्रार करीन की. साडीवाल्याने पैसे थकवले तर उद्या करीन. नऊ टक्के गेले तर मी मरत नाही. पण पस्तीस टक्क्यांची तक्रार करून दिवाळीत खोकी कुणाला विकू? तुला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे ११० दिवस आणि ३५ टक्के या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. वाटा मोठा म्हणून भाव कमी, आणि वाटा मोठा म्हणूनच पैसे उशिरा. कायद्याने दिलेला हक्क वापरायला सुद्धा दुसरी गिऱ्हाइकं लागतात.

"पण माणसं चांगली आहेत," मामा पुढे म्हणाला. "आज अठरा वर्षं माल घेतायत. असे कसे सोडतील?" इथे मला एक इंग्लंडमधला खटला आठवला. बेअर्ड नावाची कंपनी सुमारे ३० वर्षं मार्क्स अँड स्पेन्सरला कपडे पुरवत होती. ती काही मामासारखी पाच कामगारांची नव्हती, खूप मोठी होती, आणि या दुकानाच्या मुख्य पुरवठादारांपैकी एक होती. कापड कुठलं, डिझाइन काय, यातसुद्धा दुकानवाले लक्ष घालायचे. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये दुकानाने कळवलं की चालू हंगाम संपला की खरेदी बंद. बेअर्ड कोर्टात गेली. म्हणणं असं की एवढ्या वर्षांच्या संबंधात निदान तीन वर्षांची नोटीस मिळायला हवी होती. २००१ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने निकाल विरुद्ध दिला. दोघांनी मुद्दामच दीर्घ मुदतीचा करार केला नव्हता, किती माल कुठल्या भावाने घ्यायचा हे कुठे ठरलेलं नव्हतं, मग कोर्ट अंमलबजावणी कशाची करणार? प्रत्येक ऑर्डर हा वेगळा करार होता, आणि पुढची ऑर्डर द्यायचीच असं बंधन कुणावर नव्हतं. मामाकडे तर कागदही नाही. व्हॉट्सअॅपवर "५००० अर्धा किलो, गुरुवारपर्यंत" एवढंच येतं.

आता राहिला मशीनचा हिशेब, ज्यासाठी एवढं सगळं केलं. भावांचं काम दुप्पट झालं तर आणखी २८ लाखांची विक्री, त्यातून ५.६ लाखांचं योगदान. १५ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता महिना सुमारे ३२,६००, म्हणजे वर्षाला ३.९ लाख. हातात उरतात १.७ लाख. पण विक्री दुप्पट म्हणजे त्यांची उधारीही दुप्पट. आणखी ८.४ लाख अडकणार, त्यात मामाच्या खिशातला बोर्ड-छपाईचा भाग पावणेसात लाखांच्या आसपास. त्याचं व्याज साधारण ७० हजार. म्हणजे खरे उरले वर्षाला एक लाख.

आणि त्या एका लाखासाठी भावांचा वाटा ३५ वरून ५२ टक्क्यांवर जाणार. १०८ लाखांत ५६ लाख त्यांचे. मग ते सोडून गेले, तर ११.२ लाखांचं योगदान जाईल, हप्ता मात्र जाणार नाही, आणि वर्षाचा तोटा साडेपाच लाखांच्या घरात जाईल. मशीन तर घासाघीस करून विकता येईलही, पण नव्या मशीनची किंमत जुनं झाल्यावर कोण देतं?

हा कागद मामाने बराच वेळ बघितला. मग त्याने एक गोष्ट सुचवली, जी मला एक्सेलमध्ये सुचली नव्हती. "बोर्ड त्यांनीच आणून द्यावा. मी फक्त कापून, चिकटवून देईन. मजुरीचे पैसे द्या म्हणावं." यात मामाचे पैसे अडकत नाहीत. मजुरीची उधारी राहिली तरी ती थोडी असते. कल्पना उत्तम. पण मी हिशेब केला तर एक मजा दिसली. बोर्ड त्यांचा झाला की बिल लहान होतं, आणि विक्रीतला त्यांचा वाटा ३५ वरून एकदम खाली येतो. पुढच्या वर्षी बँकेचा साहेब कागद बघून म्हणेल, वा, छान सुधारणा! पण योगदान तेच ५.६ लाख, नफा तोच, आणि ते गेले तर तोटाही तोच. उधारीचं दुखणं बरं झालं, अवलंबून असणं नाही. म्हणून टक्के एकदम कमी दिसले तर आधी विचारायचं, बिल करायची पद्धत बदलली का?

अजून एक मर्यादा मला मंडईतल्या मावशींनीच शिकवली. त्यांच्या रोजच्या दीडशे गिऱ्हाइकांत सात-आठ खानावळवाले आहेत, आणि निम्मा माल तेच उचलतात. नावं वेगळी, मालक वेगळे, भाऊबंदकीचा संबंध नाही. माझ्या पद्धतीने कुणीच मोठा ठरत नाही. पण २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, हॉस्टेलची मुलं गावी गेली, आणि सगळ्या खानावळी एकाच आठवड्यात बंद झाल्या. "एकदम आठ जण गेले बघ," मावशी म्हणाल्या. गिऱ्हाइकं आठ होती, कारण एकच होतं. मामाचंही तसंच आहे. मिठाईवाले, बेकरीवाले, साडीवाले सगळे वेगळे, पण सगळ्यांची चलती सणांवर. वर्षाचा आकडा हे लपवतो. मी महिन्यावारी करून बघितलं तर गणपती ते दिवाळीच्या काळात भावांचा वाटा निम्म्याच्या वर होता आणि उन्हाळ्यात पावाच्या खाली.

तर शेवटी काय झालं? मामाने बँकेला तीन भाऊ एकत्र दाखवलेलाच कागद दिला, पण मशीनचा अर्ज मागे घेतला. भावांना निरोप गेलाय : दिवाळीचा बोर्ड तुमचा, किंवा ४५ दिवसांत पैसे. उत्तर अजून आलेलं नाही. दरम्यान लहान गिऱ्हाइकांकडे त्याने लक्ष वळवलंय. गणित सोपं आहे. रुपयाला साडेचौतीस पैसे देणाऱ्यांकडून आणखी साडेचार-पावणेपाच लाखांची विक्री मिळाली, की १.६ लाखांचा तो खड्डा भरतो. आहेत तीच मशीन्स त्याला पुरतात. मामाने हिशेब करून सांगितलं, "म्हणजे महिन्याला चाळीस हजारांची खोकी. चार नव्या बेकऱ्या."

गेल्या आठवड्यापर्यंत दोन मिळाल्यात. एक कोथरूडला, एक सिंहगड रोडला. मामाने मला फोन करून विचारलं, "या दोघींचे मालक एक नाहीत ना, ते आधी बघ."